एग्यो, देबाक, ह्वाइटिंग : सबटायटलमागे काय राहून जातं?

अबोली_मिरज

कोरियन मालिका बघताना तीन शब्द सतत कानावर पडतात: एग्यो, देबाक आणि ह्वाइटिंग. खाली लिहून मात्र दर वेळी वेगळंच येतं. देबाकला कधी "वा!", कधी "काय सांगतेस?", तर कधी "संपलं सगळं!" ह्वाइटिंगला "ऑल द बेस्ट" येतं, पण नायिका एकटीच आरशासमोर उभी राहून मूठ आवळते आणि स्वतःलाच ह्वाइटिंग म्हणते. स्वतःला कोणी ऑल द बेस्ट देतं का? एग्योला "क्यूट" लिहितात, आणि समोरचा माणूस कानांवर हात ठेवून तोंड फिरवतो. गोड असेल तर तो असा का वागतो?

शब्दकोशातला अर्थ सापडतो, तो नको आहे. मालिकेत हा शब्द आला की बघणाऱ्याने त्यातून काय समजायचं, ते जाणकारांनी सांगावं.

चिंचगुळ

सोपं आहे. एग्यो म्हणजे लाडीगोडी, देबाक म्हणजे भारी, ह्वाइटिंग म्हणजे ऑल द बेस्ट. एवढं लक्षात ठेवलं की मालिका कळते.

रानवारा

लाडीगोडी पटलं, ऑल द बेस्ट नाही पटलं. ऑल द बेस्ट देणारा बाजूला उभा राहून शुभेच्छा देतो. ह्वाइटिंग म्हणणारा तुमच्या बाजूने मैदानात उतरलेला असतो. आपल्याकडे त्याला अगदी नेमका शब्द आहे: "लढ बापू!" आणि आरशातल्या माणसाला "लढ बापू" म्हणता येतं, त्यामुळे अबोलीताईंची ती अडचणही सुटते.

देशपांडे_काकू

मला वाटत होतं फायटिंग म्हणजे आता मारामारी होणार. दवाखान्यातल्या प्रसंगात डॉक्टर एकमेकांना फायटिंग म्हणाले तेव्हा काही कळेना. मग ती मूठ कशाला दाखवतात?

निशिगंध

काकू, तुमची शंका बरोबर जागी आहे, कारण ह्वाइटिंग म्हणजे मुळात इंग्रजी फायटिंगच. खेळाच्या मैदानावर संघाला चेव आणण्यासाठी तो कोरियन भाषेत आला आणि मग मैदानाबाहेर परीक्षा, मुलाखत, शस्त्रक्रिया, दुकानाचं उद्घाटन अशा सगळीकडे पसरला. मारामारीचा अर्थ वाटेतच गळून पडला. मूठ आहे ती आपलं बळ एकवटल्याची खूण. कोपर वाकवून मूठ खाली ओढतात. समोरच्यावर ती कधीच उगारत नाहीत, एवढं पाहिलंत की गोंधळ होणार नाही.

उच्चाराबद्दल सांगते, कारण ऐकताना त्याची मदत होते. कोरियनमध्ये इंग्रजी एफचा आवाज नाही. म्हणून लोकांनी दोन वाटा काढल्या. बोलण्यात जास्त ऐकू येतं ते "ह्वाइटिंग". प्रमाण लेखनात मात्र आपल्या जुन्या फ ने सुरू होणारं "फाइटिंग" आहे. जुना फ म्हणजे फणस म्हणताना दोन्ही ओठ मिटून सोडतो तो. म्हणजे कोरियन प्रमाण उच्चार मराठी माणसाला इंग्रजी उच्चारापेक्षा सोपा आहे. दोन्ही एकच शब्द, अर्थात काही फरक नाही.

रानवारा यांच्या "लढ बापू"ला माझं अनुमोदन, फक्त एक जोड. ह्वाइटिंग तिथे बसतं जिथे पुढे काहीतरी करायचं आहे. घाव बसून गेला असेल, नोकरी गेली असेल, नातं तुटलं असेल, तर तिथे बहुतेक वेळा "हिम्ने" ऐकू येतं. हिम म्हणजे बळ, आणि ते आतून बाहेर काढ, असा त्याचा अर्थ. आपण "धीर धर", "सावर स्वतःला" म्हणतो त्याच्या जवळचं. सबटायटलमध्ये दोन्हींना "चिअर अप" लिहून मोकळे होतात आणि फरक बुडतो. एखादं पात्र खचलेल्या मैत्रिणीला हिम्ने न म्हणता ह्वाइटिंग म्हणत असेल, तर ते तिला सांत्वन देत नाही, पुढच्या कामाकडे ढकलतं आहे. कधी त्यात प्रेम असतं, कधी घाई.

सोलकढी

"आजा आजा ह्वाइटिंग" हे वेगळं काही आहे का? की नुसतं यमक?

निशिगंध

आजा हा त्यांचा स्वतःचा चेव आणणारा उद्गार, आपल्या "हुर्रऽऽ" किंवा "चला रेऽ" सारखा. 2004 साली आलेल्या फुल हाउस या मालिकेतल्या नायिकेमुळे ही जोडी कोरियाबाहेर घरोघरी पोचली. इंग्रजी शब्द टाळायचा असेल तर नुसतं "आजा" म्हणा, अशी सूचनाही तिकडे झाली होती. लोकांनी मात्र दोन्ही एकत्रच ठेवलं.

खडीसाखर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. कोरियन भाषेच्या टोपिक परीक्षेची तयारी चालू आहे, दुसऱ्या स्तराची. निबंधात देबाक किंवा ह्वाइटिंग वापरलं तर भाषा सहज वाटेल ना? मालिकांवरून बरेच शब्द जमवलेत.

तांबडं_फुटलं

अजिबात वापरू नका. 54 व्या प्रश्नाचा निबंध 600 ते 700 अक्षरांचा असतो आणि तो "दा"ने संपणाऱ्या लेखी भाषेतच लिहायचा असतो. तिथे देबाक म्हणजे दहावीच्या मराठीच्या निबंधात "लय भारी" लिहिण्यासारखं. मालिकेतलं "यो"ने संपणारं वाक्यसुद्धा तिथे चुकीचं धरतात. ऐकण्याच्या भागात मात्र मालिकांचा उपयोग होतो.

चिंचगुळ

ठीक, ह्वाइटिंगचं मान्य. पण देबाक तर भारीच ना? कोणीही आनंदात देबाक म्हणतं.

तांबडं_फुटलं

आनंदातच म्हणतात असं नाही. मैत्रीण सांगते, "त्याने लग्न मोडलं." ऐकणारी डोळे विस्फारून, आवाज खाली आणून म्हणते, "देबाऽक." तिथे "भारी" लावलंत तर ती मैत्रीण दुष्ट ठरेल. तो नुसता धक्का आहे, आपलं "बापरे". म्हणून देबाक ऐकला की आधी सूर बघायचा. आवाज वर चढला आणि शब्द झटकन तुटला तर "भारी". लांबला आणि खाली गेला तर "बापरे". आणि शेवटचा क उघडून म्हणत नाहीत. जीभ क च्या जागी लावायची आणि तिथेच थांबायचं. आपण "देबाक्क" असा ठासून म्हणतो ते कोरियन कानाला लगेच परकं वाटतं.

निशिगंध

यात एक जुना पदर आहे तोही सांगते. देबाक हा उद्गार होण्याआधी नाम आहे: मोठं घबाड, मोठं यश. त्याला "नादा" हे क्रियापद लागतं, म्हणजे निघणं, उगवणं. नवं दुकान उघडलं की पाहुणे म्हणतात "देबाक नासेयो", तुमचं दुकान धो धो चालो. तिथे "वाव" असं सबटायटल आलं तर ते चुकलं असं बिनधास्त समजा. 2014 च्या जानेवारीत तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांनी पत्रकार परिषदेत दोन्ही कोरियांचं एकीकरण म्हणजे देबाक आहे, असं म्हटलं होतं. त्याचं इंग्रजी काय करायचं यावर बराच खल झाला. राष्ट्राध्यक्षांच्या तोंडी हा शब्द गाजला, कारण तो बाजारातला, रोजच्या बोलण्यातला शब्द आहे.

त्याचा उलटा शब्द आहे "च्चोकबाक". बाक म्हणजे भोपळा, आणि च्चोकबाक म्हणजे त्याचं लहानसं भांडं, भिकाऱ्याच्या हातातलं. धंदा बुडाला की माणूस कमरेला च्चोकबाक बांधतो असं म्हणतात. मालिकेत दोन भागीदार बोलताना "देबाक की च्चोकबाक" म्हणाले तर अर्थ एवढाच: राजा तरी होऊ, नाहीतर कटोरा घेऊन फिरू.

सोलकढी

थांबा, भोपळा? आपल्याकडे भोपळा मिळाला म्हणजे शून्य मिळालं, आणि त्यांच्याकडे भोपळा म्हणजे घबाड?

निशिगंध

हो, आणि त्यामागे लोककथा सांगतात. हुंगबू आणि नोलबू हे दोन भाऊ. गरीब हुंगबू पाय मोडलेल्या पाकोळीला पट्टी बांधतो. ती पुढच्या वसंतात भोपळ्याचं बी आणून टाकते. वेलाला लागलेले भोपळे करवतीने कापले की आतून धन निघतं. लोभी नोलबू मुद्दाम पाकोळीचा पाय मोडतो आणि त्याच्या भोपळ्यांतून संकटं निघतात. देबाक शब्द नक्की या कथेतूनच आला असं मात्र कोणी छातीठोकपणे म्हणू नये. मोठं जहाज असा अर्थ असलेल्या चिनी शब्दाकडे बोट दाखवणारेही आहेत. पण भोपळा फोडून नशीब पाहणं हे चित्र कोरियन माणसाच्या मनात असतं, हे नक्की.

रानवारा

यावरून ऐतिहासिक मालिकांसाठी एक खूण सांगतो. राजवाड्यातल्या कथेत कोणी देबाक म्हणाला तर तो माणूस आजच्या काळातून तिकडे गेलेला आहे. मिस्टर क्वीनमध्ये राणीच्या शरीरात आजचा स्वयंपाकी शिरतो आणि त्याच्या तोंडची आजची भाषा हीच सगळी गंमत आहे.

तांबडं_फुटलं

उद्गार म्हणून म्हणाला तर हो. पण शब्दच नव्हता असं समजू नका. 2016 साली राजा सुकजोंगच्या काळातली जुगाराची मालिका आली, इंग्रजीत द रॉयल गॅम्बलर. तिचं कोरियन नाव "देबाक"च आहे, डावातलं घबाड या अर्थाने. तुमची खूण चालेल, फक्त "वाव" या अर्थापुरती.

रानवारा

मान्य, दुरुस्ती घेतली.

अबोली_मिरज

देबाक आता स्वच्छ झाला. एग्यो राहिलं. "क्यूट" म्हणून लिहितात आणि समोरचा वैतागतो, ते अजून सुटलं नाही.

चिंचगुळ

लाडीगोडी! आपल्याकडे काम काढून घ्यायला मस्का मारतात तसं.

निशिगंध

मस्का नको. मस्क्याला कोरियनमध्ये "आबू" आहे, खोटी स्तुती. त्यात समोरच्याला मोठं करतात. एग्योमध्ये स्वतःला लहान करतात. "लाडिकपणा" हा शब्द मला सगळ्यांत जवळचा वाटतो. आणि तो एकाच प्रसंगापुरता नसतो, स्वभावही असतो. "तिच्यात एग्यो खूप आहे" असं माणसाबद्दलच काय, मांजराबद्दलही म्हणतात.

सबटायटलमध्ये तो दिसत नाही, कारण तो शब्दांत नसून शब्दांच्या शेपटीत असतो. एक वाक्य घेऊ. मुलगी वडिलांकडे खर्चाला पैसे मागते. साधं वाक्य असं: "आप्पा, ना योंगदोन चोम." बाबा, मला जरा खर्चाला पैसे. होय, कोरियनमध्येही वडील आप्पाच, पण त्यांचा प्प घट्ट आवळलेला असतो. आता तेच एग्यो लावून: "आप्पाआंऽ, ना योंगदोन च्चोओऽम." अर्थ तोच, सबटायटल तेच. बदललं काय? आप्पाच्या शेवटी नाकातला "आंग" आला. "चोम" म्हणजे "जरा", त्याचा च घट्ट झाला आणि स्वर ताणला. एवढ्याने वीस-पंचवीस वर्षांची मुलगी पाच वर्षांची होते.

अशाच आणखी दोन-तीन खुणा आहेत. वाक्याच्या शेवटचं "यो" जाऊन "योंग" येतं. "मी" न म्हणता स्वतःचं नाव घेतात, आपल्याकडे लहान मुलं "बाळाला भूक लागली" म्हणतात तसं. आणि स चा त करतात: "सारांगहे"चं "त्तारांगहे". आपल्या बोबड्या बोलात काकाचा ताता होतो, तीच युक्ती. 2017 च्या फाइट फॉर माय वे मालिकेत नायिका "भुताचं स्वप्न पडलं" हे वाक्य इतकं बोबडं करून म्हणते की त्यातला एकही शब्द धड उरत नाही. ते वाक्य पुढे कोरियात कितीतरी लोकांनी नक्कल करून म्हटलं.

तांबडं_फुटलं

समोरचा तोंड का फिरवतो त्याचं उत्तर एका कोरियन वाक्प्रचारात आहे: हातपाय आखडतात. फार लाडिक किंवा फार भावुक काही ऐकलं की बोटं आपोआप आत वळतात, अशी ती कल्पना. आपण "कसंतरीच होतं" म्हणतो. पण तोंड फिरवलं म्हणजे नापसंत असं लगेच ठरवू नका. कान लाल, ओठ दाबून हसू आवरतोय आणि "हाजी मा", म्हणजे "नको ना", असं म्हणतोय, तर एग्यो लागू पडलेलं आहे. आवाज सपाट आणि नजर थेट असेल तर खरोखर नको आहे.

केवडा

एक गोष्ट कोणी बोललं नाही. ऑफिसच्या जेवणावळीत साहेब नव्या मुलीला "जरा एग्यो करून दाखव" म्हणतो, असे प्रसंग मालिकांमध्ये सर्रास येतात. सबटायटल "बी क्यूट". बघणाऱ्याला वाटतं खेळीमेळी चालली आहे. तिथे ती मुलगी पुढचं वाक्य कसं संपवते ते ऐका. आधी "यो"ने संपवत असेल आणि एकदम "सुम्निदा"वर आली, म्हणजे कचेरीच्या कोरड्या, औपचारिक भाषेवर, तर तिने अंतर राखलं आहे. लेखिकेने तो प्रसंग हसण्यासाठी लिहिलेला नाही. "हिच्यात एग्यो नाही" हा सुनेला, बहिणीला, नोकरदार बाईला दिलेला टोमणा असतो. पुरुषाबद्दल तेच म्हणायचं तर "मुत्तुक्तुकहादा", म्हणजे मोजकं आणि कोरडं बोलणारा, आणि ते पुष्कळदा कौतुकानेच.

चिंचगुळ

पण पुरुषही एग्यो करतातच की. गाण्याच्या गटातल्या मुलांना तर प्रत्येक कार्यक्रमात करायला लावतात.

केवडा

"करायला लावतात" हेच मी म्हणते आहे. आणि मुलाने केलं की लोक हसून टाळ्या वाजवतात. मुलीने नाही केलं की ती गर्विष्ठ ठरते. दोन्ही सारखं नाही.

निशिगंध

केवडा यांचं निरीक्षण मला पटतं, पण सगळं एग्यो त्यात बसवता येणार नाही. घरात बापलेकीत, नवराबायकोत ते मनापासून चालतं आणि नवरेही करतात. मी तरी आधी हे बघते की ते मागितलं गेलं की आपणहून आलं. मागणारा वरच्या पायरीवर असेल तर तो प्रसंग वेगळा.

केवडा

आपणहून आलेलंही सवयीने आलेलं असू शकतं. इथे आपलं एकमत होणार नाही.

सोलकढी

मोठ्यांना ह्वाइटिंग म्हटलेलं चालतं का? एका भागात नवी कर्मचारी थेट विभागप्रमुखांना म्हणाली आणि आजूबाजूचे गप्प झाले.

तांबडं_फुटलं

ह्वाइटिंगला क्रियापदच नाही, त्यामुळे आदराचं शेपूट लावायला जागा नाही. म्हणून ते वरच्यांनी खालच्यांना किंवा बरोबरीच्यांनी म्हणायचं. लहानाने मोठ्याला धीर देणं तिकडे आगाऊपणाच.

निशिगंध

इतकं कडक नाही. सगळे पेले उंचावून "बुजांगनिम, ह्वाइटिंग!" असं साहेबांना पदाने हाक मारून ओरडतात तेव्हा कोणी वावगं मानत नाही. शेवटी "हासेयो" जोडून आदरार्थी करणारेही आहेत. एकट्याने, समोरासमोर, साहेबांना म्हणणं मात्र खटकू शकतं. सोलकढी यांनी पाहिलेला प्रसंग तोच असावा. देबाकचंही तसंच. मोठ्यांच्या कामाचं कौतुक करायचं तर "देबाक" नाही, "देदान्हासेयो" म्हणतात, आपण थोर आहात अशा अर्थी.

तांबडं_फुटलं

पेले उंचावल्यावर सगळेच नियम सैल होतात, तो दाखला मी धरणार नाही.

अबोली_मिरज

देबाक आणि ह्वाइटिंग एकाच प्रसंगात येतात असं एखादं उदाहरण मिळेल का? म्हणजे फरक शेजारी शेजारी दिसेल.

निशिगंध

सुनुंगची सकाळ. विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा, नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी. शाळकरी मुलांच्या जवळजवळ प्रत्येक मालिकेत ती येते. फाटकावर खालच्या वर्गातली मुलं फलक घेऊन उभी असतात. फलकावर असतं "सुनुंग देबाक": परीक्षेत घबाड लागो. ती इच्छा आहे, निकालाबद्दलची. तोंडाने ओरडतात ते "ह्वाइटिंग": आत जा आणि झुंज. ते त्या क्षणाबद्दल आहे. आई मात्र बहुधा दोन्ही म्हणत नाही. ती डबा हातात देते आणि "शिहॉम चाल बोआ" म्हणते, पेपर नीट दे. हे वाक्य साधं असतं म्हणूनच तिथे गळा दाटतो, आणि सबटायटलमध्ये तिन्हींना "गुड लक" आलेलं मी पाहिलं आहे.

त्या डब्यात समुद्रशेवाळाचं सूप नसतं हेही बघा. ते बुळबुळीत, त्यामुळे घसरण्याची भीती. ते सूप प्यायलं म्हणजे परीक्षेत नापास झालं, असा वाक्प्रचारच आहे. उलट "यॉत" नावाची चिकट गोडी देतात, कारण चिकटणं आणि परीक्षा पास होणं याला कोरियनमध्ये एकच क्रियापद आहे.

रानवारा

एक सावधगिरी: कोणाला "यॉत खा" म्हणू नका, ती शिवी आहे. 2014 च्या विश्वचषकातून हरून परतलेल्या कोरियन फुटबॉल संघावर विमानतळावर यॉतच फेकली होती.

देशपांडे_काकू

म्हणजे हातात दिली तर आशीर्वाद आणि खा म्हटलं तर शिवी. लक्षात ठेवते. आणि आता फायटिंग म्हटलं की मारामारीची वाट बघणार नाही.

खडीसाखर

तोंडी परीक्षेला जाताना मैत्रिणीला "देबाक नासेयो" म्हटलं तर चुकेल का?

तांबडं_फुटलं

चुकणार नाही, पण मैत्रिणीला "नासेयो" फार वाकून होतं. "देबाक ना" म्हणा. आणि क उघडू नका.